इतिहासाचं प्रकरण एका तावावर : हैदराबाद मुक्तिसंग्रामाची कालरेषा करताना मुलं विचारतात ते प्रश्न

कालरेषा करायला हेच प्रकरण का घेतलं?

बारावीच्या इतिहासात संस्थानांच्या विलीनीकरणाबरोबर हैदराबाद येतं आणि आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना ते ‘आपलंच आहे, येतंच की’ असं वाटतं. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालेलं असतं, भाषणं ऐकलेली असतात, गावात हुतात्मा स्मारक असतं. पण ‘पोलीस कारवाई का करावी लागली?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कारण रझाकार अत्याचार करत होते.’ एक ओळ, आणि पुढे शांतता. माहिती भरपूर असून तिची साखळी नसली की असंच होतं. शिवाय या प्रकरणात कारणं दहा वर्षांत पसरलेली आहेत, तर निर्णायक घटना जेमतेम सव्वा वर्षात दाटलेल्या आहेत. ही रेषा जमली की दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाची जमते.

सर, मी सगळ्या सनावळ्या वहीत उतरवून काढल्या. झाली ना कालरेषा?

नाही. ती यादी झाली. यादीत दोन तारखा एकाखाली एक असतात, पण वरचीमुळे खालची घडली की नुसती आधी घडली, हे यादी सांगत नाही. मार्क नेमके त्याच गोष्टीला असतात.

प्रकरण आधी एकदा पेन हातात न घेता वाचा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्या, पण तारखांखाली रेघ ओढू नका, त्या आपोआप दिसतात. खुणा करायच्या त्या ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘परिणामी’, ‘या पार्श्वभूमीवर’, ‘तरीही’ अशा जोडशब्दांवर. जिथे असा शब्द आहे तिथे बाण आहे. ‘तरीही’ हा तर फारच कामाचा, कारण तो बहुतेकदा फसलेला प्रयत्न दाखवतो. निजामाशी वाटाघाटी झाल्या, तरीही विलीनीकरण झालं नाही. हा फसलेला प्रयत्न तावावर आला नाही, तर पोलीस कारवाई आभाळातून पडल्यासारखी वाटते.

तावावर नेमकं काय आखायचं?

कोरा ताव आडवा धरा आणि मधोमध पट्टीने एक रेघ ओढा. रेघेवर फक्त वर्ष किंवा तारीख आणि घटनेचं नाव, चार-पाच शब्दांत. रेघेच्या वर कारणं, खाली परिणाम. जिथे गोष्टीची दिशा बदलली तिथे रेघेला छेदणारी उभी जाड रेष. याशिवाय एका गोष्टीतून दुसरी निघत असेल तर बाण. एवढंच.

हैदराबादचा ताव भरल्यावर रेघेवर साधारण हे दिसतं :

१९३७ – परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन
१९३८ – हैदराबाद स्टेट काँग्रेस, निजामाची बंदी, सत्याग्रह, वंदे मातरम् चळवळ
१९४६ – बंदी उठली. कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष
जून १९४७ – निजामाचं फर्मान, हैदराबाद स्वतंत्र राहणार
७ ऑगस्ट १९४७ – ‘भारतात सामील व्हा’ दिन
२९ नोव्हेंबर १९४७ – जैसे थे करार
१३ सप्टेंबर १९४८ – पोलीस कारवाई सुरू
१७ सप्टेंबर १९४८ – निजामाची शरणागती
२६ जानेवारी १९५० – भारतीय संघराज्यातलं एक राज्य
१ नोव्हेंबर १९५६ – मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात

दहा नोंदी पुरे. पंधराच्या वर गेलात तर समजा, प्रकरण आटलं नाही, फक्त बारीक अक्षरात लिहिलं गेलं.

वर्षं सारख्या अंतरावर घ्यायची ना? गणितात तसंच शिकवतात.

गणिताचा नियम इथे लावला तर १९३८ ते १९४६ च्या मध्ये हातभर कोरी जागा राहते आणि १९४७-४८ च्या पाच तारखा एका बोटाच्या जागेत एकमेकींवर चढतात. म्हणून रेघेचे दोन तुकडे करा. पहिला तुकडा १९३७ ते १९४६, तावाचा पाव भाग. मग नागमोडी खूण करा, म्हणजे इथे माप बदललं हे कळेल. दुसरा तुकडा जून १९४७ ते सप्टेंबर १९४८, निम्मा ताव, महिन्यांच्या मापाने. उरलेल्या जागेत पुढचे परिणाम.

कोरी जागा भरून काढायला म्हणून काहीतरी घुसडू नका. त्या काळात चळवळीची गती मंद होती, संघटनेवर बंदी होती, हे कोरी जागाच सांगते.

कारणांत ‘निजामाची जुलमी राजवट’ लिहिलं तर चालत नाही का?

चालतं, पण ते एकच कारण सगळ्या प्रश्नांना लावता येतं, म्हणजे कोणत्याच प्रश्नाला नीट बसत नाही. राजवट जुलमी आधीही होती. मग १९३८ मध्येच सत्याग्रह का झाला आणि १९४८ मध्येच कारवाई का झाली? या ‘च’ चं उत्तर मिळेपर्यंत कारण शोधत राहायचं.

मी कारणं तीन थरांत लिहायला सांगतो. सगळ्यात वरचा थर म्हणजे जुनी दुखणी. संस्थानात तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटक असे तीन भाषिक प्रदेश, पण कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. सभा, संघटना, वृत्तपत्रं यांवर बंधनं. सत्ता निजाम मीर उस्मान अली खान आणि त्याच्या भोवतीच्या जहागीरदारांच्या हातात, लोकांना जबाबदार असं सरकार नाही. ही कारणं कित्येक वर्षं होती, त्यांनी जमीन तयार केली.

मधला थर संघटनेचा. नुसत्या दुःखातून चळवळ उभी राहत नाही, माणसं आणि संस्था लागतात. राष्ट्रीय शाळा, आर्य समाज, ग्रंथालयं, मग महाराष्ट्र परिषद, मग स्टेट काँग्रेस. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते, हे मुलांना किस्सा म्हणून आठवतं. तो किस्सा नाही, कारण आहे. राजकीय सभेला बंदी असलेल्या राज्यात कार्यकर्ते शाळेतूनच घडणार.

खालचा, रेघेला चिकटलेला थर तात्कालिक कारणांचा. हा प्रत्येक मोठ्या घटनेला वेगळा असतो. १९३८ च्या सत्याग्रहाचं तात्कालिक कारण स्टेट काँग्रेसवरची बंदी. १९४८ च्या कारवाईचं तात्कालिक कारण रझाकारांचा वाढता हिंसाचार आणि जैसे थे कराराचा भंग. दोन्हीकडे ‘जुलमी राजवट’ लिहिणाऱ्याला हा फरक दाखवताच येत नाही.

कलाटणीची घटना कोणती हे कसं ठरवायचं? मला तर सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात.

महत्त्वाची घटना वेगळी आणि कलाटणी देणारी वेगळी. मी एकच प्रश्न विचारायला सांगतो : या घटनेच्या आधी लोक काय मागत होते किंवा सरकार काय करत होतं, आणि नंतर काय? दोन्हीकडे उत्तर तेच आलं तर जाड रेष नको, घटना कितीही गाजलेली असो.

१९३८ घ्या. त्याआधी परिषदा भरत, ठराव होत, मागण्या शिक्षणाच्या, भाषेच्या, सुधारणांच्या. १९३८ ला बंदी मोडून लोक उघड तुरुंगात गेले आणि मागणी जबाबदार राज्यपद्धतीची झाली. दिशा बदलली, जाड रेष मारा.

१९४७ चा जून ते ऑगस्ट. तोवर मागणी होती ती निजामाने लोकांना जबाबदार सरकार द्यावं, ही. ब्रिटिश जाणार, संस्थानांवरचं त्यांचं सार्वभौमत्व संपणार हे ठरलं आणि निजामाने स्वतंत्र राहण्याचं फर्मान काढलं. आता प्रश्न राज्य कसं चालवायचं एवढाच राहिला नाही, राज्य कोणत्या देशात असणार हा झाला. स्टेट काँग्रेसची मागणीही विलीनीकरणाची झाली. दुसरी जाड रेष इथे.

आता २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार. वर्गात निम्मी मुलं यावर जाड रेष मारतात आणि माझा त्यांच्याशी दरवर्षी वाद होतो. करार एक वर्षासाठी होता. आधी निजामाला स्वतंत्र राहायचं होतं, नंतरही. भारत सरकारला विलीनीकरण हवं होतं, नंतरही तेच. कराराने प्रश्न पुढे ढकलला, वळवला नाही. म्हणून माझ्या तावावर तिथे जाड रेष नाही, पण बाण मात्र सगळ्यात जास्त तिथूनच निघतात. तुम्हाला तिथे रेष मारायचीच असेल तर मारा, कारण पटेल असं लिहिलंत तर कोणी मार्क कापणार नाही.

राहिला सप्टेंबर १९४८. इथे जवळजवळ सगळे १७ तारखेवर रेष मारतात, कारण सुट्टी १७ ची. पण वळण १३ तारखेला आहे. वाटाघाटीचा मार्ग सोडून फौज आत पाठवायची, हा बदल त्या दिवशी दिसतो. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत शिरली, इतर बाजूंनीही तुकड्या आल्या. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणजे १७ सप्टेंबर हा १३ सप्टेंबरचा परिणाम आहे. तिथे जाड रेष नको, नोंद हवी तर मोठ्या अक्षरात लिहा.

एकच घटना कारणातही बसते आणि परिणामातही. कुठे लिहू?

दोन्हीकडे लिहू नका, रेघेवर एकदाच लिहा आणि आत येणारे व बाहेर जाणारे बाण दाखवा. जैसे थे करार यासाठी उत्तम नमुना आहे.

आत येणारा बाण : निजाम विलीनीकरणाला तयार नाही, फाळणीनंतरच्या धामधुमीत आणि काश्मीरच्या लढाईत गुंतलेल्या भारत सरकारलाही थोडा वेळ हवा, म्हणून तात्पुरता करार. ब्रिटिशांशी जसे संबंध होते तसे आता भारताशी राहतील, एवढाच त्याचा अर्थ.

बाहेर जाणारे बाण : निजामाला वेळ मिळाला. त्याने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि संस्थानात भारतीय चलनाच्या वापरावर बंधन घातलं. भारत सरकारने हे कराराच्या विरुद्ध मानलं. त्याच काळात रझाकारांचं, म्हणजे इत्तेहादुल मुसलमीनच्या सशस्त्र स्वयंसेवकांचं, बळ वाढलं. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी मूळचा लातूरला वकिली करणारा. गावं लुटली जाऊ लागली, सरहद्दीवर लोकांचे लोंढे आले आणि संस्थानाबाहेर, बार्शी-उमरखेडसारख्या ठिकाणी, स्वातंत्र्यसैनिकांचे कँप उभे राहिले. हे सगळे बाण पुढे १३ सप्टेंबरला जाऊन मिळतात.

हा एक तुकडा नीट काढला की निम्मं प्रकरण झालं. घाई असेल तर बाकीचं सोडा, हा तुकडा काढा.

११ सप्टेंबरला जीनांचं निधन झालं आणि १३ ला कारवाई. हे कारण आहे ना?

हुशार मुलंच हा प्रश्न विचारतात आणि तावावर तो बाण काढूनही मोकळी होतात. दोन तारखा शेजारी आल्या म्हणून बाण होत नाही. फौजांची जमवाजमव त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती, कारवाईचा निर्णयही झालेला होता. दोन दिवसांत एवढी फौज सरहद्दीवर उभी करता येत नाही, हे साध्या विचारानेही कळतं.

बाण काढण्याआधी मधली कडी एका वाक्यात सांगून पाहा. ‘कराराचा भंग झाला, म्हणून वाटाघाटींवरचा विश्वास उडाला, म्हणून कारवाई.’ इथे कडी आहे. ‘जीना गेले, म्हणून…’ इथे अडखळलात की बाण खोडा.

परिणाम १७ सप्टेंबरपर्यंत लिहायचे की पुढचेही?

पुढचेही, आणि इथेच सगळे ताव लंगडे असतात. वर कारणांची गर्दी, खाली एकच ओळ : ‘मराठवाडा मुक्त झाला.’

लगेचचे परिणाम : निजामाची सत्ता गेली, चौधरी लष्करी प्रशासक झाले, रझाकार संघटनेवर बंदी, राजकीय कैद्यांची सुटका, १९४९ मध्ये जहागिरी खालसा. मधले : १९५० पासून हैदराबाद हे भारतातलं एक राज्य आणि निजाम त्याचा राजप्रमुख. हे वाचून मुलं चक्रावतात, ज्याच्याविरुद्ध लढलो तोच पदावर? हो, १९५६ पर्यंत. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. दूरचे : राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन भाग झाले, मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

आणखी एक परिणाम पाठात सहसा नसतो. कारवाईच्या काळात आणि नंतर काही भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला आणि त्याची पाहणी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. परीक्षेत कदाचित विचारणार नाहीत. मी मात्र तावाच्या खालच्या कोपऱ्यात लिहायला लावतो.

माझी आजी ‘रझाकारात आम्ही शेतात लपलो होतो’ असं सांगते. ते तावावर लिहू?

तावाच्या मागच्या बाजूला लिहा. आजीचं गाव, साधारण कोणता महिना, आणि पुढच्या बाजूच्या कोणत्या नोंदीजवळ ते बसतं त्याची खूण. आपल्याकडे जुनी माणसं काळ मोजतातच ‘रझाकाराच्या आधी, रझाकाराच्या नंतर’ असा. पेरणी झाली होती का, नदीला पाणी होतं का, असं विचारलं की महिना सापडतो. पावसाळ्यातली आठवण असेल तर बहुधा १९४८ चा जून ते सप्टेंबर, म्हणजे करार असताना आणि कारवाईच्या तोंडावरची. तो काळ मग विसरत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र आजी नको. ‘तुमचे मत लिहा’ असा प्रश्न असेल तर एखादं वाक्य चालेल, तेही मूळ मुद्दा लिहून झाल्यावर.

तावावरून उत्तर कसं लिहायचं? ताव तर परीक्षेत नेता येत नाही.

प्रश्नाचा प्रकार बघून ताव वेगळ्या दिशेने वाचायचा. ‘सकारण स्पष्ट करा’ असेल तर घटनेवर बोट ठेवून उलटं, डावीकडे जायचं आणि तिच्यात येणारे बाण उचलायचे. ‘परिणाम लिहा’ असेल तर खाली आणि उजवीकडे. ‘टीप लिहा’ असेल तर घटना, वरचं एक कारण, खालचे दोन परिणाम, असा उभा तुकडा कापायचा.

‘भारत सरकारला हैदराबादविरुद्ध पोलीस कारवाई करावी लागली’ हे विधान घेऊ. १३ सप्टेंबरपासून मागे आलं की उत्तर असं तयार होतं :

‘ब्रिटिश सत्ता जाणार हे निश्चित झाल्यावर निजामाने भारतात सामील होण्याऐवजी स्वतंत्र राहण्याची भूमिका घेतली. भारताने सामोपचाराने प्रश्न सोडवण्यासाठी नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याच्याशी एक वर्षाचा जैसे थे करार केला. परंतु निजामाने पाकिस्तानला कर्ज देणे, भारतीय चलनावर बंधने घालणे अशा कृती करून कराराचा भंग केला. याच काळात कासीम रझवीच्या रझाकारांनी जनतेवर अत्याचार सुरू केले व सरहद्दीवरील भागही अशांत झाला. वाटाघाटींतून मार्ग निघत नाही हे स्पष्ट झाल्यावर १३ सप्टेंबर १९४८ रोजी कारवाई सुरू करण्यात आली.’

पाच वाक्यं, पाच बाण. कुठेही ‘जुलमी’ शब्द नाही, तरी जुलूम दिसतो.

रंगीत पेनं किती वापरावीत?

दोन. एक कारणांना, एक परिणामांना. सात रंगांचे ताव मी पाहिलेत. त्यांत वेळ गेलेला दिसतो, अभ्यास दिसत नाही.

बाजारात तयार तक्ते मिळतात, मोठ्या बहिणीचा तावही घरात आहे. तोच पाठ केला तर?

पाहायला वापरा, पाठ करायला नको. कोणता बाण ठेवायचा आणि कोणता खोडायचा हे ठरवताना जे डोकं चालतं तोच अभ्यास. तयार तावात ते काम दुसऱ्याने केलेलं असतं.

दहावीला ही रीत चालेल का?

फारशी नाही. दहावीचं इतिहासाचं पुस्तक इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं अशा विषयांवर आहे. तिथे घटनांची साखळी कमी आणि प्रकार, उदाहरणं जास्त, म्हणून साधा तक्ता बरा. आठवीतल्या स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणांना मात्र ही रीत छान बसते, धाकट्या भावंडाला शिकवून बघा.

ताव जमला की नाही, हे परीक्षेआधी कसं कळेल?

ताव उपडा ठेवा. कोऱ्या कागदावर फक्त रेघ ओढा आणि जाड रेषा जिथे होत्या तिथे मारा, तारखा न पाहता. मग एकेका जाड रेषेच्या डावीकडे ‘आधी काय’ आणि उजवीकडे ‘नंतर काय’ एका वाक्यात लिहा. एखादी तारीख चुकली तर चिंता नाही, ती दोन दिवसांत बसते. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ची वाक्यं सारखीच आली, किंवा तिथे रेष का मारली तेच आठवेना, तर त्या भागाचे बाण पुस्तक उघडून पुन्हा काढा. पूर्ण ताव नव्याने करत बसू नका, तेवढाच तुकडा करा आणि मूळ तावावर चिकटवा.